अहवाल माझाच, पण सॉफ्टवेअर म्हणते नाही

प्रश्न: मी पुण्यातल्या एका विमा सर्वेक्षण फर्ममध्ये नोकरी करतो. आग, यंत्रबिघाड अशा दाव्यांची जागेवर जाऊन पाहणी करायची आणि इंग्रजीत अहवाल लिहायचा, हे माझे काम. शिक्षण मराठी माध्यमातून झाले. गेल्या महिन्यात एचआरने सगळ्यांचे अहवाल आणि ऑफिसचे ईमेल एआयचा मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढले. माझ्या एका अहवालाला ८७ टक्के आले, आणि वडिलांच्या ऑपरेशनसाठी रजा मागणाऱ्या ईमेललाही ९२. आता 'अप्रामाणिकपणा' म्हणून कारणे दाखवा नोटीस आली आहे, उत्तराला ४८ तास आहेत. अहवाल मीच लिहिले आहेत. व्याकरण मात्र वर्डमधल्या सूचनांवरून सुधारतो. एचआर म्हणते, माफीनामा द्या, वॉर्निंगवर मिटवू. माझा हुद्दा असिस्टंट मॅनेजर आहे. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर: माफीनाम्यावर सही करू नका. माफीनामा म्हणजे कबुली, आणि कबुली हातात आली की कंपनीला काही सिद्ध करावे लागत नाही. आज 'फक्त वॉर्निंग' असेल, पण पुढच्या वेळी तोच कागद 'हा दुसरा गुन्हा' म्हणून तुमच्यासमोर ठेवला जाईल.

सविस्तर उत्तराचीही घाई नको. मात्र मुदत संपायच्या आत एक छोटा ईमेल गेलाच पाहिजे, नाहीतर फाइलवर 'खुलासा आला नाही' एवढीच नोंद राहते. त्यात तीन गोष्टी लिहा: आरोप मला मान्य नाही, ज्या सामग्रीवर नोटीस आधारली आहे ती मला दिलेली नाही, ती मिळाल्यापासून सात दिवसांत मी उत्तर देईन. मग सामग्री कोणती हवी ते स्पष्ट सांगा. कोणते सॉफ्टवेअर वापरले, कोणत्या तारखेला, कोणी वापरले, त्यात नेमका कोणता मजकूर टाकला, त्याने दिलेला पूर्ण निकाल (स्क्रीनशॉट नव्हे), किती टक्क्यांच्या वर दोषी धरायचे हे कोणी आणि कधी ठरवले, आणि बाकीच्या सहकाऱ्यांचे किती अहवाल त्या रेषेच्या वर आले. शेवटच्या मागणीला बहुधा नकार येईल. तरी ती लिहा, कारण नकारही नोंदीवर राहतो.

आता त्या ८७ टक्क्यांकडे वळू. एचआरने तो आकडा '८७ टक्के खात्री' असा वाचलेला दिसतो. काही सॉफ्टवेअरमध्ये त्याचा अर्थ 'इतकी वाक्ये संशयास्पद' असा असतो, काहींमध्ये आणखी वेगळा. ही सॉफ्टवेअर लेखक ओळखत नाहीत. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो आणि वाक्यांची लांबी किती एकसारखी आहे, असल्या खुणा ती मोजतात. तुमच्या धंद्यातला अहवाल डोळ्यांसमोर आणा. 'विदाउट प्रेज्युडिस'ने सुरुवात, मग विमाधारकाच्या जागेला भेट, नुकसानाचे कारण, घसारा, सॅल्व्हेज, शेवटी देय रक्कम. शब्द ठरलेले, क्रम ठरलेला, वाक्ये सरळ. शिकलेल्या इंग्रजीत माणूस सावधपणे, ओळखीच्या शब्दांत लिहितो, म्हणून मजकूर आणखी सपाट होतो. वर वर्डच्या सूचना उरलासुरला खडबडीतपणा घासून काढतात.

हा नुसता माझा अंदाज नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्क्यांवर निबंध या सॉफ्टवेअरनी एआयचे ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. त्याच वर्षी जानेवारीत ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर आणला होता आणि जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतला. माणसाने लिहिलेला मजकूर नऊ टक्के वेळा एआयचा ठरतो, हे त्या कंपनीने आधीच सांगितले होते. सॉफ्टवेअर पुढे सुधारली असतील, असे एचआर म्हणेल. म्हणू द्या. मग आमच्या धंद्यातल्या, आमच्यासारख्यांनी लिहिलेल्या अहवालांवर त्यांची चाचणी झाली आहे का, हे दाखवायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची.

नुसता गठ्ठा तपासला की काय होते, तेही उत्तरात मांडा. समजा हजार अहवाल आहेत आणि त्यांतले पन्नास खरोखर एआयने लिहिलेले आहेत. सॉफ्टवेअर त्यांतले चाळीस पकडते आणि प्रामाणिक ९५० पैकी फक्त चार टक्के चुकीने पकडते. म्हणजे चाळीस दोषींबरोबर अडतीस निर्दोष. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण सॉफ्टवेअर बऱ्यापैकी चांगले मानूनही पकडलेला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस निरपराध निघतो.

चौकशीत याला किती वजन? खात्यांतर्गत चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोर लागू होत नाही, आणि फौजदारी खटल्यासारखे 'निःसंशय' सिद्ध करावे लागत नाही. शक्यता कुठे झुकते एवढे पाहतात. म्हणून 'हा पुरावाच नाही' असे ओरडून भागणार नाही. पण एच. सी. गोएल प्रकरणात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा चौकशीतही संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक (२००९) मध्ये त्याच्या पुढचे म्हटले: कागद नुसता फाइलला लावून चालत नाही, त्यातला मजकूर साक्षीदाराने सिद्ध करावा लागतो. म्हणून चौकशी झालीच तर ज्याने सॉफ्टवेअर चालवले त्याला उलटतपासणीसाठी बोलावण्याची मागणी करा. 'हा आकडा कसा काढला जातो?' या एका प्रश्नापुढे तो फार काळ टिकेल असे मला वाटत नाही. कंपनी इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्रही पुढे करील. ते प्रमाणपत्र नोंद खरी आहे एवढेच सांगते. नोंदीतला निष्कर्ष खरा आहे असे सांगत नाही.

आणखी एक विचारा: एआय वापरू नये असा नियम तेव्हा होता का, कुठे लिहिला होता, तुम्हाला कधी कळवला? नियमच नसेल तर 'अप्रामाणिकपणा' कशाचा, हे नोटिशीत लिहावे लागेल.

वर्डच्या सूचनांबद्दल तुमच्या जागी बरेच जण चुकतात. 'मी कोणतेही साधन कधीच वापरले नाही' असे रागात लिहून बसतात, मग आयटी विभाग लॉग काढतो आणि खोटे बोलल्याचा आरोप नव्याने उभा राहतो. तुम्ही स्वच्छ लिहा: कंपनीने दिलेल्या संगणकावर, कंपनीने दिलेल्या वर्डमधल्या व्याकरणाच्या सूचना वापरतो, निरीक्षणे, आकडेमोड आणि निष्कर्ष माझे. पुराव्यासाठी फाइलचा आवृत्ती-इतिहास, जागेवरच्या हस्तलिखित नोंदी, फोटो आणि मसुद्यावर वरिष्ठांनी केलेल्या दुरुस्त्या जपून ठेवाव्यात, अशी लेखी मागणी कंपनीकडे करा. या फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. तो डेटा बाहेर नेल्याचा खरा आरोप होईल आणि तिथे मी तुम्हाला फारसा वाचवू शकणार नाही. त्याच कारणाने स्वतःचा अहवाल दुसऱ्या डिटेक्टरमध्ये टाकून 'बघा, इथे चार टक्केच आले' असेही करू नका. तयारी असेल तर नव्या पाहणीच्या नोंदींवरून वरिष्ठांसमोर बसून अहवाल लिहून दाखवायला तयार आहे, असे कळवा. जुन्या अहवालावर तासभर तोंडी प्रश्न विचारा म्हणावे; ज्याने जळालेली मोटर पाहिली आहे, तो ते सांगू शकतो.

यावरून कंपनीचीच एक अडचण लक्षात येते. त्यांनी हे अहवाल कुठल्या बाहेरच्या संकेतस्थळावर चिकटवले असतील, तर विमाधारकाची आणि विमा कंपनीची गोपनीय माहिती बाहेर गेली. कराराची प्रत त्यांनीच उघडून वाचावी. धमकी म्हणून नाही, प्रश्न म्हणून विचारा: 'आमचे अहवाल व ईमेल कोणत्या सेवेला दिले, तिथे ते साठवले जातात का, ग्राहकाची परवानगी होती का?'

रजेच्या ईमेलबाबत मी अधिक कडक राहीन. ऑफिसच्या मेलबॉक्सवर कंपनीची नजर असू शकते, तुमच्या नियुक्तिपत्रात तसे कलमही असेल. तिथे पूर्ण खासगीपणाचा दावा चालत नाही. पण वडिलांच्या आजारपणाचा मजकूर तिसऱ्या कंपनीला देणे वेगळे. २०११ चे माहिती तंत्रज्ञान नियम वैद्यकीय माहितीला संवेदनशील मानतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याने नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय डेटा वापरण्याची मुभा मालकाला दिली आहे, तरी माणसावर परिणाम करणाऱ्या निर्णयासाठी डेटा वापरायचा असेल तर तो पूर्ण व अचूक असल्याची खात्री करण्याचे बंधनही घातले आहे. आज त्यावर भिस्त ठेवू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले तेव्हा मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. पत्रात उल्लेख मात्र करा.

शेवटी हुद्द्याचे. 'असिस्टंट मॅनेजर' या पाटीवरून काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय ते पाहतात. तुम्ही हाताखाली माणसे न ठेवता तांत्रिक पाहणी करत असाल, तर पगार चांगला असला तरी कामगार कायद्याच्या कक्षेत येण्याचा दावा करता येतो. नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तसे असेल आणि कामावरून काढलेच, तर कामगार आयुक्त कार्यालयाचे दार उघडे आहे. पण तुम्ही रजा मंजूर करता, लोकांची कामे वाटता, मूल्यमापन करता असे निघाले, तर खासगी नोकरीत परत घ्या असा हुकूम मिळणे फार कठीण; भरपाई बहुतेक नोटीस-काळाच्या पगाराभोवती घुटमळते. म्हणून नियुक्तिपत्र आणि गेल्या वर्षभरातल्या कामाचे स्वरूप घेऊन वकिलाला भेटा, ते आधी ठरवा. तुम्ही दुसऱ्या गटात असाल तर ताणण्यापेक्षा मिटवणे बरे, पण माफीनाम्यावर नव्हे: नोटीस मागे घेतल्याचे पत्र, वैयक्तिक फाइलमधून तो निकाल काढल्याची नोंद आणि वेतनवाढीवर परिणाम होणार नाही याची लेखी हमी, हे तिन्ही एकाच कागदावर घेऊन मगच सही करा.