व्याख्यानाची लांबी आणि पूर्णतेचे प्रमाण

प्रश्न: आमच्या ऑनलाइन कोर्समध्ये काही मॉड्यूल छोटी, काही मोठी आहेत. व्याख्यान लांबले की ते पूर्ण पाहणारे कमी होतात का, हे कसे तपासावे?

उत्तर: टक्केवारी नोंदणी केलेल्यांवर न काढता ते व्याख्यान सुरू करणाऱ्यांवर काढावी आणि तुलना एकाच मॉड्यूलमधील लहान-मोठ्या व्याख्यानांची करावी. समजा, १००० जणांनी नोंदणी केली. पहिल्या मॉड्यूलमधील ६ मिनिटांचे व्याख्यान ९०० जणांनी सुरू केले व ७२० जणांनी पूर्ण केले, तर आठव्यातील २० मिनिटांचे ३०० जणांनी सुरू केले व २४० जणांनी पूर्ण केले. नोंदणीवर हे प्रमाण ७२ आणि २४ टक्के दिसते, पण सुरू करणाऱ्यांवर दोन्हीकडे ८० टक्केच येते. म्हणजे दिसणारी घट लांबीमुळे नसून मधल्या काळात झालेल्या गळतीमुळे आहे. अर्थात हे ८० टक्केही सारखे मानू नयेत, कारण आठव्या मॉड्यूलपर्यंत टिकलेले विद्यार्थी मुळातच चिकाटीचे असतात, आणि म्हणूनच तुलना मॉड्यूलच्या आत ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. ‘पूर्ण’ची व्याख्याही आधीच ठरवावी: ९० टक्के पाहणे पुरेसे मानल्यास ६ मिनिटांत ३६ सेकंदांची सूट मिळते, तर २० मिनिटांत पूर्ण २ मिनिटांची.