आधी प्रीलोड, मग डॅम्पिंग

बायको मागे आणि दोन्ही पेट्या भरलेल्या असताना तू मोटारसायकलचं नुसतं डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगचं डुलणं आवरणं, Road वरून कडक Dynamic वर नेलंस, म्हणून गाडी घाटात वळणाबाहेर पळत होती. डॅम्पिंगने बसलेलं मागचं टोक वर येत नाही, ते काम प्रीलोडचं, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याचं. तुझ्या बीएमडब्ल्यू जीएससारख्या गाडीतल्या जुन्या डायनॅमिक ईएसएत, म्हणजे बटणावर चालणाऱ्या सस्पेन्शनमध्ये, गाडी उभी, इंजिन चालू ठेवून बटण दाबून धर आणि स्क्रीनवर दोन हेल्मेटचं चिन्ह आण. मोटर स्प्रिंग दाबते, थोडा वेळ लागतो. तेवढ्यात निघू नकोस. चालत्या गाडीवर प्रीलोड बदलत नाही, डॅम्पिंग मात्र बदलतं.

रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत असेल, तर मागचं टोक अजून खाली आहे समज. उजेड रस्त्यावर आला की मग डॅम्पिंग बघ. स्पीडब्रेकरनंतर मागचं चाक एकदा बसून थांबलं तर Road पुरे. दोन-तीनदा डुललं तर Dynamic, पण खराब रस्त्यावर त्याचे दणके मागच्याला बसतात. माझ्या पाठीवर गुद्दे पडलेत त्यापायी!

मुक्कामी सामान उतरवलंस की एका हेल्मेटवर परत ये. नाहीतर गाडी उंच राहते आणि साइड स्टँडवर जास्तच कलते.