‘यहाँ सोना मना है’: श्लेषाचा मथळा मराठीत आणताना

प्रश्न: इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्यावर एका हिंदी पुरवणीत लेख आला होता. मथळा होता, ‘सराफा: यहाँ सोना मना है’. आमच्या मंडळाच्या मासिकासाठी तो लेख मराठीत करतोय, पण मथळ्यापाशी अडलोय. ही गंमत मराठीत कशी आणायची? आणि ‘सोना महँगा, सोना मुश्किल’ असा भाववाढीच्या बातमीचा मथळा असेल तर तेच उत्तर चालेल का?

उत्तर: लेखासाठी माझी पहिली पसंती ‘सराफा करतो रात्रीचे सोने’ या मथळ्याला आहे. भाववाढीच्या बातमीला हे चालणार नाही, तिथे ‘सोनं भाव खातंय’ घ्या. या दोन मथळ्यांपर्यंत कसं पोचलो ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी दुसरा शब्द आला तरी वाट तीच राहील.

आधी मूळ मथळ्यात नेमकं काय घडतंय ते पाहू. हिंदीतला ‘सोना’ हा दोन अर्थांचा एक शब्द नाही. ते दोन वेगळे शब्द आहेत आणि ते एकाच उच्चाराला येऊन मिळाले आहेत. धातूचं नाव ‘सुवर्ण’पासून आलं, झोपण्याचं क्रियापद ‘स्वप्’ या धातूपासून. हिंदीत क्रियापदाच्या मूळ रूपाला ‘ना’ लागतो म्हणून दोन्ही ‘सोना’ झाले. पुढे ‘का, में, से’ लागले तरी दोघांचं ‘सोने’च होतं, त्यामुळे ‘सोने का समय’सारख्या रचनेतही कोटी टिकते. मराठीकडे यातला एकच शब्द आहे, ‘सोनं’. झोपेसाठी आपण ‘झोपणं’ किंवा ‘निजणं’ म्हणतो आणि त्यांचा सोन्याशी ध्वनीचा काही संबंध नाही. म्हणजे मूळ श्लेष ज्या योगायोगावर उभा आहे तो योगायोग मराठीत घडलेलाच नाही. कितीही डोकं खाजवलं तरी तीच कोटी मिळणार नाही, हे सुरुवातीलाच मान्य केलं की बराच वेळ वाचतो.

अलंकारशास्त्रात यासाठी जुनी चाचणी आहे. श्लेषाच्या शब्दाच्या जागी समानार्थी शब्द ठेवून पाहायचा. गंमत टिकली तर तो अर्थश्लेष, मोडली तर शब्दश्लेष. ‘यहाँ स्वर्ण मना है’ म्हटलं की काहीच उरत नाही, म्हणून हा शब्दश्लेष. अर्थश्लेष सहसा भाषांतरात पार होतो. शब्दश्लेष पार होतो तो फक्त दोन्ही भाषांत तोच शब्द त्याच दोन अर्थांनी नांदत असेल तेव्हा. हिंदी-मराठीत असे शब्द बरेच आहेत. ‘हार’ घ्या. फुलांचा हार आणि पराभव हे दोन्ही अर्थ मराठीतही आहेत, पण तिथेही एक खाच आहे. फुलांचा हार पुल्लिंगी, पराभवाची हार स्त्रीलिंगी. ‘हार मिळाला’ म्हटलं की पराभव गेला, ‘हार मिळाली’ म्हटलं की फुलं गेली. म्हणून तिथे क्रियापद गाळून ‘विजयानंतर हार’ असं उघडं ठेवावं लागतं. याउलट ‘मत’ फसवा आहे. मराठीत त्याला मतदानाचा आणि अभिप्रायाचा अर्थ आहे, पण हिंदीतला नकाराचा ‘मत’ नाही. त्यामुळे ‘मत मत बेचिए’ इथवर येत नाही.

आता तुमच्या मथळ्याकडे. शब्दशः भाषांतर केलं की दोनपैकी एक अर्थ धरावा लागतो, आणि दोन्ही बाजूंनी चुकीची बातमी तयार होते. ‘सराफ्यात झोपायला मनाई’ वाचणाऱ्याला वाटेल की महापालिकेने ओट्यांवर झोपणाऱ्यांवर काही आदेश काढला आहे. ‘सराफ्यात सोन्याला बंदी’ वाचलं तर सराफांचा व्यवहार बंद पडल्यासारखं वाटेल. मूळ मथळ्यात मनाईची पाटी लाडिक होती, कारण श्लेषामुळे ती खरी पाटी नाही हे लगेच कळत होतं. श्लेष काढला की उरतो तो नुसता हुकूम. एक अर्थ गेला की दुसऱ्याचा सूरही बदलतो, हे अशा मथळ्यांत फार वेळा होतं.

म्हणून कोटी बाजूला ठेवून लेखाचं म्हणणं एका साध्या वाक्यात लिहा: राजवाड्याजवळचा सराफा दिवसा सोन्या-चांदीचा बाजार असतो, दुकानं मिटली की त्यांच्याच समोर भुट्ट्याचा कीस, दहीवडे, जिलब्या आणि थंडीत गराडू यांची दुकानं लागतात, आणि लोक मध्यरात्र उलटेपर्यंत जागे राहून खातात. या वाक्यात तीन क्षेत्रं आहेत: सोनं, रात्र आणि खाणं. मूळ मथळ्याने सोनं आणि झोप यांची गाठ मारली होती. मराठीला यांपैकी कुठल्याही दोन क्षेत्रांची गाठ मारता आली तरी काम होतं, तीच जोडी हवी असा हट्ट धरू नका.

मग प्रत्येक क्षेत्रातले शब्द, आणि विशेषतः वाक्प्रचार, कागदावर काढा. मराठीत एकाच शब्दाच्या दोन अर्थांपेक्षा वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ आणि रूढ अर्थ यांच्यात कोटी जास्त सहज बसते. सोन्याकडून मिळतात: सोनं करणं, कस लागणं, कसोटी, तोळामासा, भाव, भाव खाणं. झोपेकडून: झोप उडणं, रात्र जागवणं, डोळ्याला डोळा न लागणं. खाण्याकडून: भाव खाणं पुन्हा, तोंडाला पाणी सुटणं. जो वाक्प्रचार दोन याद्यांत येतो किंवा दुसऱ्या यादीतल्या शब्दाशी सहज जुळतो, तो उचलायचा.

‘सोनं करणं’ रात्रीशी लगेच जुळतं, कारण संधीचं सोनं करतात तसं वेळेचंही करतात. पहिला मसुदा ‘सराफ्यात रात्रीचं सोनं होतं’ असा सुचेल. तो घेऊ नका. ‘होतं’ हे ‘बनतं’ या अर्थीही आहे आणि भूतकाळीही आहे. लेख न वाचता नुसता मथळा पाहणाऱ्याला तिथे रात्रीच्या वेळी सोनं होतं, म्हणजे चोरीबिरीची बातमी आहे, असं वाटू शकतं. हा नको असलेला दुसरा श्लेष आहे, आणि आपण हव्या त्या कोटीवर खूश असताना तो नजरेतून सुटतो. क्रियापद बदलून ‘करतो’ केलं की तो जातो: ‘सराफा करतो रात्रीचे सोने’. बाजार सोन्याचा आहे आणि रात्रही सार्थकी लागते, दोन्ही अर्थ उभे राहतात.

इथे ‘सोनं’ऐवजी ‘सोने’ लिहिलंय, ते इंदूरच्या वाचकासाठी. आपल्याकडचा मराठी माणूस दिवसभर हिंदी बोलतो, त्यामुळे ‘रात्रीचे सोने’ डोळ्यांसमोर आलं की त्याला ‘रात के सोने’ची चाहूल लागतेच. मूळ मथळ्यातली झोप अशी मागच्या दाराने थोडी परत येते. पुण्याच्या वाचकाला ती ऐकू आली नाही तरी मथळा पूर्ण आहे. दुसऱ्या भाषेतून मिळणारा अर्थ असाच जादाचा असावा, मथळा त्याच्यावर टेकलेला नसावा.

दुसरा पर्याय ‘भावखाऊ सराफा’. हा सभंग श्लेष आहे: शब्द अखंड वाचला तर तोऱ्यात असणारा, तोडला तर ‘भाव’ आणि ‘खाऊ’, म्हणजे दिवसाचा बाजार आणि रात्रीचा. मला हा मथळा मनापासून आवडतो, पण ‘भावखाऊ’त थोडी चिडवाचिडवी आहे. लेख कौतुकाचा असेल तर पोटमथळ्याने ती मऊ करावी लागेल, उदाहरणार्थ ‘दिवसा सोन्याचा, रात्री खवय्यांचा’. पोटमथळ्यात कोटी मात्र समजावून सांगायची नाही. त्याने दुसऱ्या अर्थाचा सुगावा द्यावा, एवढंच त्याचं काम.

मूळ हिंदी वाक्यच अवतरणात ठेवायचा मोह होईल, कारण आपल्या सगळ्या वाचकांना ते कळतं. लेखाच्या पोटात जरूर ठेवा. मथळ्यात नको, कारण मराठी मजकुरात ‘सोना’ हे आधी लाडाचं नाव म्हणून वाचलं जातं.

भाववाढीच्या बातमीत क्षेत्रं बदलतात. तिथे खाणं नाही, रात्रही नाही, सोन्याची किंमत आणि ग्राहकाची चिंता आहे. ‘सोन्याने उडवली झोप’ यात मूळची दोन्ही क्षेत्रं राहतात, पण श्लेष नाही आणि मथळा घासलेला आहे. ‘सोनं भाव खातंय’ यात किंमत आणि तोरा एकत्र येतात. ‘भाव खाना’ हिंदीतही रूढ असल्यामुळे शाळेत मराठी न शिकलेल्या मुलांनाही तो अडत नाही. ‘सराफ्याची प्रकृती तोळामासा’ हा त्याहून देखणा आहे. गिऱ्हाईक कमी झाल्याची बातमी असेल तर चपखल बसतो. पण मासा हे तोळ्याचा बारावा भाग असलेलं वजन आहे, हे आजीला माहीत असतं, नातवाला नसतं. मासिक कोण वाचतं हे पाहून ठरवा.

दिवाळीच्या अंकासाठी आणखी एक सुचवतो: ‘भाऊबीजेला भावाची चिंता’. ‘भाऊ’ आणि ‘भाव’ हे मुळात वेगळे दिसतात, पण सामान्यरूपात दोघांचं ‘भावा’ होतं. ही कोटी ‘भावाची, भावाला, भावाने’ अशा रूपांतच जगते, ‘भाऊ महाग’ म्हणून चालत नाही. हिंदीच्या ‘सोना-सोने’सारखा योगायोग मराठीत शोधायचा असेल तर तो असा सामान्यरूपांत सापडतो, शब्दकोशातल्या मूळ रूपांत सहसा नाही.

मथळा ठरला की तो लेखाशिवाय, एकटा, मंडळातल्या दोघांना वाचून दाखवा: एक घरात मराठी बोलणारा ज्येष्ठ आणि एक कॉलेजातला. विषय काय असेल एवढंच विचारा. विषय चुकला तर कोटी कितीही चांगली असली तरी मथळा बदला. विषय कळला पण हसू आलं नाही, तर पोटमथळा बदलून पुन्हा वाचा. आणि बातमीत चोरी, आग किंवा कुणाचं नुकसान असेल तर साधा मथळा द्या: हिंदीत कोटी असली तरी मराठीत ती आणायची नाही. भाववाढीच्या बातमीला पोटमथळ्यात दहा ग्रॅमचा त्या दिवसाचा दर लिहा. ‘तोळा’ लिहायचाच असेल तर दहा ग्रॅमचा धरलाय हे मजकुरात सांगा, कारण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि घरोघरीचे जुने हिशेब अजून त्यातच आहेत.