डिलीट फोटो परत आले, पण तारीख आजची

आमच्या जिनिंगच्या कॉम्प्युटरवरून काटापावतीचे फोटो उडवले, PhotoRec नं परत आले पण तारीख आजचीच दिसते. कधी उडवले कसं कळंल?

भाऊ, PhotoRec ची कार्व्हिंग, म्हणजे डिस्कवरचा कच्चा डेटा चाळून फाईली काढणं, फक्त जेपेगच्या सुरुवातीचे FF D8 FF हे बाइट दिसले की तिथून जेपेग उचलते, नाव-तारीख तिला माहीतच नसते. फोटोत एक्झिफ, म्हणजे कॅमेऱ्यानं आत लिहिलेली तारीख-माहिती, असतं तर PhotoRec नं तीच तारीख लावली असती, म्हणजे हे बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, ते एक्झिफ काढून टाकते.

उडवल्याची वेळ रिसायकल बिनच्या $I फाईलीत असते. बिन रिकामा केला तरी ती बारकी नोंद बरेचदा MFT मध्ये, म्हणजे डिस्कवरच्या फाईलींच्या यादीत, पडून राहते, त्यात जुना पाथ अन् साईजही असतो, साईज जुळवली की कोणता फोटो ते कळते. वेळ यूटीसीत असते, ६.१० म्हणजे आपले ११.४०, अन् तेव्हा काट्यावर कोण होतं ते हजेरीत पाहा. शिफ्ट-डिलीट केलं असंल तर $I बनतच नाही, मग $UsnJrnl, म्हणजे फाईलींतल्या बदलांची विंडोजची नोंदवही, पाहा लागते. अन् त्या मशीनवर आता काही करू नका, आधी डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, काढा.