उष्टावण आणि सहावा महिना

"मॅडम, बाळ जन्मलं तेव्हाच सिकलसेलची तपासणी झाली होती, निगेटिव्ह सांगितली होती. सहा महिने बाळाला साधी सर्दी नाही. उष्टावण केलं आणि महिन्याभरात हातापायाची बोटं सुजली. आता रिपोर्टमध्ये एसएस आलंय. सासूबाई म्हणतात, अंगावरचं दूध कमी करून वरचं सुरू केलं म्हणून रक्त बिघडलं. माझ्यामुळंच झालं का हे?"

नाही ताई, तुमच्यामुळं नाही. हे मी तिला आधी सांगितलं आणि मगच रिपोर्टचा कागद उघडला. एसएस म्हणजे सिकलसेलचा आजार. सात महिन्यांचं बाळ तिच्या मांडीवर होतं. दोन्ही हातांच्या पाठी फुगलेल्या आणि ताठ, हात लावला की कळवळून रडायचं. आजी दारापाशी बसलेली, बाळाचा बाप खिडकीजवळ उभा. चंद्रपूर जिल्ह्यातलं शेतकरी कुटुंब. नवराबायको दोघंही एएस, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले वाहक, हे त्यांना लग्नानंतर गरोदरपणातल्या तपासणीत कळलं होतं. म्हणूनच बाळाच्या जन्माच्या वेळी त्यांनी आग्रहानं रक्त तपासून घेतलं होतं. त्यांच्या बाजूनं कसूर काहीच नव्हती.

कसूर होती ती तपासणी निवडण्यात. जिथं बाळंतपण झालं तिथं सोल्युबिलिटी टेस्ट केली होती. गावागावातल्या शिबिरांत होते तीच: द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात, नळीमागं रेघा ओढलेला कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. मोठ्या माणसाला ही तपासणी चालते. नवजात बाळाच्या रक्तात मात्र सिकलचं हिमोग्लोबिन इतकं थोडं असतं की द्रावण स्वच्छच राहतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तर त्या कागदावर विसंबू नये, मग तो कुठल्याही दवाखान्याचा असो. त्या वयात एचपीएलसी नावाची यंत्रावरची तपासणी लागते, कारण ती रक्तातलं प्रत्येक हिमोग्लोबिन वेगळं करून मोजते.

"मग तेव्हा होतं का नव्हतं?" बापानं विचारलं.

होतं. दोन सदोष जनुकं, एक आईकडून आणि एक बापाकडून, गर्भ राहिला त्या दिवसापासून बाळात होती. फक्त त्यांची पाळी आली नव्हती.

शेतकऱ्याला हे शेतातूनच सांगावं लागतं. मी त्याला विचारलं, सोयाबीनमध्ये तूर घेता ना? पेरणी एकाच दिवशी. पण दिवाळीपर्यंत शेत सोयाबीनचंच दिसतं, तूर मधल्या ओळीत दबून असते. सोयाबीन कापलं की तूर मोकळी होते, आणि तुरीचं बियाणं खोटं असेल तर ते तेव्हा नजरेस येतं. कापणीनं तूर बिघडवली असं तुम्ही म्हणाल का? तो मान हलवत म्हणाला, "नाई जी, ते तर पेरलं तेव्हाच बिघडलं होतं."

बाळाच्या रक्तातही अशी दोन पिकं असतात. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा. त्यातल्या दोन अल्फा, त्या गर्भातही असतात आणि मोठेपणीही. उरलेल्या दोन बदलतात. पोटात असताना त्या गॅमा असतात, त्याला आपण गर्भाचं हिमोग्लोबिन किंवा एफ म्हणतो. मोठेपणी गॅमाच्या जागी बीटा येतात, ते ए. पोटातल्या बाळाला स्वतःचा श्वास नसतो. त्याला वारेतून, आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यावा लागतो, म्हणून त्याचं हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन घट्ट पकडणारं असतं. बाहेर आल्यावर फुप्फुसं चालू होतात, आणि मग ऑक्सिजन पकडण्याइतकंच तो अवयवांना सहज सोडून देणंही कामाचं ठरतं.

हा पालट बाळ जन्मल्यामुळं होत नाही. जन्माच्या आधीच शेवटच्या काही आठवड्यांत तो सुरू झालेला असतो, आणि पूर्ण दिवसांच्या बाळातही जन्मतः साधारण ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन एफच असतं. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ लवकर बाहेर आलं म्हणून त्याचा पालट लवकर होत नाही. ते गर्भधारणेपासूनचे आठवडे मोजत आपल्याच वेळेवर चालतं. हे मी मुद्दाम आजीकडं बघून सांगितलं. ज्या घड्याळावर जन्माचाही परिणाम होत नाही, त्यावर भाताच्या पेजेचा कुठून होणार? जुन्या लाल पेशी दोनतीन महिन्यांत संपतात, त्यांच्या जागी बीटावाल्या नव्या येतात. सहा महिन्यांचं होईतो निरोगी बाळात एफ थोडंच उरतं. उष्टावणही आपण सहाव्या महिन्यातच करतो. दोन गोष्टी एका महिन्यात आल्या, एवढाच त्यांचा संबंध.

सिकलसेलमधला दोष बीटा साखळीत आहे. अशा सदोष बीटाचं हिमोग्लोबिन म्हणजे एस. ते ऑक्सिजन सोडतं तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब कडक दांडे बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. बोटांच्या हाडांत रक्त अडलं की बाळाचे हातपाय असे सुजतात, आणि पुष्कळ घरांत आजाराची पहिली खूण हीच असते. एफमध्ये बीटाच नसल्यानं तो त्या दांड्यांत बसत नाही, उलट दांडा वाढायला अडथळा करतो. म्हणजे पहिले सहा महिने बाळाला त्याचंच पोटातलं रक्त राखत होतं. हे पहिल्यांदा नीट ओळखलं ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी, १९४८ मध्ये. सिकलसेलच्या नवजात बाळांच्या पेशी त्यांच्या आयांच्या पेशींइतक्या वाकत नाहीत, हे पाहून त्यांनी गर्भाच्या हिमोग्लोबिनकडं बोट दाखवलं.

या बाळाच्या एचपीएलसीत एस ६५ टक्के होतं, एफ ३१, आणि ए काहीच नव्हतं. हिमोग्लोबिन ७.६. ए अजिबात नसणं हीच महत्त्वाची ओळ, कारण वाहक बाळात ए दिसतंच. आईबापाचे रिपोर्ट सोबत होते म्हणून निदान पक्कं करता आलं. एक पालक थॅलेसेमियाचा, म्हणजे बीटा साखळी कमी बनण्याच्या आजाराचा, वाहक असता तरी बाळाचा कागद जवळपास असाच दिसला असता. म्हणून मी नेहमी तिघांचे कागद शेजारी ठेवून वाचते. बाळाला आधी रक्त चढवलेलं नाही ना, हेही विचारते. रक्त दिलं असेल तर दात्याचं ए त्या कागदावर उमटतं आणि एसएसचं बाळ वाहकासारखं दिसू लागतं.

एफ ३१ टक्के पाहून बाप म्हणाला, "मग अजून बरंच चांगलं रक्त शिल्लक आहे की." प्रश्न रास्त होता. एसएसच्या मुलांत एफ इतर मुलांपेक्षा हळू उतरतं, आणि आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णांत ते पुढंही बऱ्यापैकी टिकतं. त्याचा उपयोग होतो. पण विदर्भात एफ चांगलं असूनही वरचेवर दुखणं घेऊन येणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळं त्या आकड्यावर मी कुणाला निर्धास्त करत नाही.

थॅलेसेमियाच्या घरात हाच आकडा याहून जास्त फसवतो. त्याच वर्षी एक नऊ महिन्यांचा मुलगा आला होता. सहाव्या महिन्यापासून पांढरा पडत चाललेला, दूध पिताना दमायचा, आणि तीन महिने लोहाचं औषध चालू होतं. एचपीएलसीत एफ ९० टक्क्यांच्या वर. आईनं कुठंतरी वाचलं होतं की एफ चांगलं असतं, म्हणून ती खूश होती. मी तिला वरची ओळ दाखवली: एकूण हिमोग्लोबिन ४.८. टक्केवारी ही असलेल्यातली असते. कोठीत धान्यच पायलीभर असेल, तर त्यातली नव्वद टक्के ज्वारी म्हणून घर चालत नाही. बीटा थॅलेसेमिया मेजरमध्ये बीटा साखळी चुकीची बनत नाही, ती बनतच नाही किंवा फारच थोडी बनते. घड्याळाप्रमाणं गॅमा उतरते, जागा रिकामी राहते, जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या साचून पेशीलाच आतून मारतात. तिथं नियमित रक्त देणं हाच पाया. आजार वेगळा, उपचार वेगळा, पण उघडा पडण्याची वेळ तीच.

हातसुजीच्या बाळाकडं परत येते. डॉक्टरांनी वेदनेवर औषध दिलं, पेनिसिलिन रोज सुरू केलं आणि लसी पूर्ण करायला सांगितल्या. या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा जंतू जिवावर उठतो, म्हणून पेनिसिलिन पाच वर्षांपर्यंत तरी चुकवायचं नसतं. खरं तर ते दुसऱ्या महिन्यापासून सुरू व्हायला हवं होतं. चुकीच्या निगेटिव्हनं या बाळाचे पाच महिने खाल्ले, आणि याचा मला आजही राग येतो. ताप आला तर घरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा.

पुढच्या खेपेला हायड्रॉक्सीयुरियाचा विषय निघाला. "ते कॅन्सरचं औषध ना?" आईनं घाबरून विचारलं. कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं. इथं ते कमी मात्रेत, अस्थिमज्जेला पुन्हा थोडं गर्भाचं हिमोग्लोबिन बनवायला लावण्यासाठी देतात. अमेरिकेत ९ ते १८ महिन्यांच्या बाळांना ते देऊन पाहिलं. २०११ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दुखणं आणि हातसूज दोन्ही कमी झालेली दिसली. औषध रोज घ्यावं लागतं, परिणाम दिसायला महिने लागतात आणि रक्तातल्या पेशी ठरल्या वेळी मोजाव्या लागतात. न मोजता चालू ठेवलं तर पांढऱ्या पेशी खाली जाऊ शकतात.

बापानं विचारलं, ते घड्याळच मागं फिरवता येत नाही का? येतं, काही अंशी. गॅमा बंद ठेवणाऱ्यांत बीसीएल११ए हे जनुक मुख्य आहे, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. रक्तपेशींत तेच ढिलं करणाऱ्या उपचाराला ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्हींसाठी. पण तो बारा वर्षांपुढच्यांसाठी, आधी जबर केमोथेरपी लागते आणि खर्च या घराच्या आवाक्यात नाही. हे मी त्याला तसंच सांगितलं. पुढच्या गरोदरपणाचंही सांगितलं: दर खेपेला चारात एक शक्यता एसएसची. तपासायचं असेल तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेच्या नमुन्यातून जनुक तपासावं लागेल, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच यायचं.

आजी त्या दिवशी काही बोलली नाही. नर्स आईला बाळाची प्लीहा चाचपायला शिकवत होती. डाव्या बरगडीखाली बोटं हलकेच ठेवायची, एकदम मोठी लागली आणि बाळ पांढरं पडलं तर धावत यायचं. आजी उठून जवळ आली, हात साडीला पुसला आणि म्हणाली, "दिवसा बाळ माझ्याजवळ असते जी. मले शिकवा." नर्सनं तिची बोटं धरून जागेवर ठेवली. आजीनं डोळे मिटून चाचपलं. "दोन बोटं," ती म्हणाली. नर्सनंही तपासलं. दोन बोटंच होती.