उद्या या, उद्या या!

प्रिय पोरी,

तुझ्या पथनाट्याचं गाणं तीनदा वाचलं, एकदा मोठ्यांदा म्हणून पाहिलं. तिसऱ्या ओळीला श्वास संपला. ध्रुपद असं लिहिलं आहेस: ‘व्यवस्थेच्या या अंधाराला चिरून जाऊ आपण सारे, नव्या उद्याची पहाट आणू’. कागदावर ठीक आहे. रस्त्यावर हे म्हणायला तुला तुझ्याच गटातली माणसं लागतील, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाठ व्हायच्या आत नाटक संपेल.

मीही असंच लिहीत असे. पहिल्या गाण्याचं माझं ध्रुपद चौदा शब्दांचं होतं, यमकं चोख. प्रयोगाला माणसं शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही खूश. परतताना आमच्या डफवाल्याने विचारलं, “गायलं कोण?” एकही जण गायला नव्हता. लोक ऐकून टाळ्या वाजवतात तेव्हा गाणं तुझंच राहिलेलं असतं, त्यांचं झालेलं नसतं.

तुझं नाटक कचेरीतल्या खेपांवर आहे, तर त्यातूनच घेऊ. आधी हे ठरव की लोकांच्या तोंडी कोणाचं वाक्य द्यायचं. तू त्यांना घोषणा दिली आहेस. अनोळखी गर्दीत, शेजारी ओळखीचं कोणी उभं असताना, मूठ वर करून घोषणा द्यायला माणूस लाजतो. काहींना भीतीही वाटते. पण खिडकीमागच्या कारकुनाची नक्कल करायला कोणी लाजत नाही. त्याचं वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं आणि ते त्याच्याच सुरात म्हणायला प्रत्येकाचे ओठ शिवशिवत असतात. म्हणून पहिल्यांदा त्यांना कारकुनाचं वाक्य दे. तुझं वाक्य शेवटी.

ते वाक्य तुझ्या संवादांतच पडलेलं आहे, तिसऱ्या प्रवेशात: ‘उद्या या.’

बोटांवर मोजून बघ. ‘उद्’ दोन मात्रा, ‘द्या’ दोन, ‘या’ दोन. झाल्या सहा. केरवा तालाच्या आठ मात्रांतल्या दोन उरल्या, तिथे टाळी. उद्‌-द्या-या-टाळी. ही टाळी शोभेची नाही. ज्याला तोंड उघडायचा संकोच आहे तो आधी टाळीतून आत येतो, आणि दोन वेळा टाळी दिली की तिसऱ्या वेळी शब्द आपोआप येतात. शिवाय शेवटचं अक्षर ‘या’. ‘आ’ला तोंड पूर्ण उघडतं, माइक नसताना मोकळ्यावर आवाज लांब जातो. ‘आणू’वर ओठ आवळले जातात. तुझी ‘पहाट आणू’ दुसऱ्या रांगेलाही ऐकू जाणार नाही.

चाल तीन सुरांत ठेव: ग, रे, सा. खाली उतरणारी, नकार देतानाचा आवाज उतरतो तशी. तीनच सूर का, तर रिंगणात बाया, बापे, पोरं सगळी असतात आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी. पल्ला जितका लहान तितकं प्रत्येकाला आपल्या पट्टीत बसता येतं. आणि हरकती घेऊ नकोस, हे तुला मुद्दाम सांगतो, कारण तुझा गळा गोड आहे. गोड गळा ऐकला की लोक गायचं थांबवून ऐकू लागतात.

आता कडवं. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात. ते झीलकरी ठरलेले आणि सरावलेले असतात. तुझे झीलकरी रस्त्यावरून आत्ताच आलेत. त्यांना आपली वेळ कशी कळणार? त्यासाठी त्यांच्या आधीची ओळ प्रत्येक कडव्यात तीच ठेवायची. मी तिला हाकेची ओळ म्हणतो. बदलणारी ओळ फक्त एक, तीही तुझ्या गटाने म्हणायची. असं:

कागद सगळे होते हाती,
खिडकीवरती उत्तर एकच —
उद्या या! उद्या या!

शिक्का होता, सही राहिली,
खिडकीवरती उत्तर एकच —
उद्या या! उद्या या!

सही मिळाली, जेवण चालू,
खिडकीवरती उत्तर एकच —
उद्या या! उद्या या!

पहिल्या दोन्ही ओळी सोळा-सोळा मात्रांच्या आहेत, म्हणजे केरव्याची दोन-दोन आवर्तनं, आणि ध्रुपदाचीही दोनच. ‘उत्तर एकच’ म्हणून तू थांबायचंस, हात लोकांकडे करायचास आणि पुढचं स्वतः म्हणायचं नाहीस. पहिल्या कडव्याला तुझा गट म्हणेल, लोक ऐकतील. दुसऱ्याला ओठ हलतील. तिसऱ्याला आवाज येईल. म्हणजे तिसऱ्याच्या आत कथा पुढे नेणारं काही महत्त्वाचं गाण्यात ठेवू नकोस. तेवढा वेळ लोक शिकण्यात असतात. ‘जेवण चालू’ला हशा येतो, त्या हशात ध्रुपद बुडू नये म्हणून डफाची एक थाप जास्त घेऊन मग हाक दे.

लय चालण्याची. खरंच चालून बघ: एका पावलाला दोन मात्रा, मिनिटाला शंभरेक पावलं. एक कडवं चोवीस पावलांत, म्हणजे पंधरा सेकंदांच्या आत संपतं. प्रयोगात रक्त तापलं की लय पळते आणि ते गाणाऱ्याला कळत नाही. ओळखायची खूण अशी: शब्द बरोबर येतायत पण लोकांची टाळी मागे पडतेय, तर तू पळते आहेस. उलट टाळी नेमकी येतेय पण शब्दांची नुसती गुणगुण आहे, तर शब्द ऐकू गेलेले नाहीत. तेव्हा एक कडवं डफाशिवाय म्हण.

गटातले दोघे रिंगणाबाहेर, लोकांच्या पाठीमागे उभे कर. मागून आवाज आला की मधल्या माणसाला वाटतं सगळेच म्हणतायत. दोघे समोरासमोरच्या बाजूंना हवेत, एकत्र नकोत, आणि त्यांनी साध्या आवाजात म्हणायचं.

गाणं एकदाच सलग म्हणून मोकळी होऊ नकोस. रस्त्यावरची गर्दी दहा मिनिटांत अर्धी बदलते. एक कडवं पहिल्या प्रवेशानंतर, दुसरं-तिसरं मध्ये, उरलेलं शेवटाकडे. आत्ता येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला मागची कथा ठाऊक नसते, तरी ‘उद्या या’ त्याला कळतं. तुझी ‘नव्या उद्याची पहाट’ त्याला कळली नसती, कारण कुठला अंधार ते त्याने पाहिलेलंच नाही.

आता कठीण भाग, वळण. लोकांना कारकून करून तसंच घरी पाठवायचं नाही. शेवटी त्यांच्या तोंडी त्यांचं वाक्य यायला हवं, आणि ते जुन्या वाक्याच्या साच्यात बसायला हवं, नाहीतर शिकवणी पुन्हा पहिल्यापासून. आमच्या जुन्या नाटकातही लोकांच्या तोंडी ‘उद्या या’च होतं, तेव्हा मी पुष्कळ शोधलं. ‘आज द्या’ पाच मात्रांत संपतं, टाळी लवकर पडते. मग सापडलं ‘आत्ता द्या’. आत्‌-ता-द्या, दोन-दोन-दोन. तीच सहा, तीच टाळी, शेवटी तोच ‘आ’. सूर उलटे कर: सा, रे, ग. नकार उतरत होता, मागणी चढते.

साचा जुळला म्हणून काम झालं असं समजू नकोस. मी पहिल्या प्रयोगात नवी ओळ थेट टाकली आणि फजिती झाली. आम्ही सातजण ‘आत्ता द्या’ ओरडतोय आणि समोरची दीडशे माणसं हसत हसत आम्हाला सांगतायत, ‘उद्या या!’ जीभ रुळलेली असते, ती वळत नाही. डफवाला तर चक्क त्यांच्या बाजूला गेला.

त्यावर आम्ही असा तोडगा काढला. ध्रुपद दोनदा येतं ना, त्यातलं दुसरं काढून घ्यायचं. चौथं कडवं ‘चपला झिजल्या, नंबर आला’. हाक, लोकांचं पहिलं ‘उद्या या’, टाळी, आणि तिथे तुझा हात वर, डफ बंद. दुसऱ्याच्या जागी खेपा घालणारी म्हातारी एकटीच, गाण्यात नाही, साध्या बोलण्यात म्हणते: ‘आत्ता द्या.’ मग हाकेची ओळ पुन्हा. लोक पहिलं म्हणतात, या वेळी म्हातारीबरोबर दोघे. पुन्हा हाक, आता पूर्ण गट आणि मागे उभे केलेले दोघेही. इथवर येईपर्यंत लोकांना कळलेलं असतं की पहिला अर्धा खिडकीचा आहे आणि दुसरा आपला. त्यांनाच दोन्ही म्हणू दे, एकदा. मग हाकेची ओळ बदल:

खिडकीपुढती आम्ही सगळे —
आत्ता द्या! आत्ता द्या!

‘खिडकीवरती’च्या जागी ‘खिडकीपुढती’, मात्रा तेवढ्याच, त्यामुळे हाक ओळखीची वाटते. हे शेवटचं ध्रुपद किती वेळा घ्यायचं ते आधी ठरवू नकोस. आवाज वाढतोय तोवर घे, पहिल्यांदा सपाट वाटला की त्याच आवर्तनाच्या टाळीवर तोड. सवयीने आणखी दोनदा घेतलंस तर लोक तुझ्या आधी थांबतील, आणि तो शेवट फार केविलवाणा दिसतो.

एक मर्यादा सांगून ठेवतो. वीसेक माणसं असतील तर हे सगळं चालत नाही. थोड्या माणसांत प्रत्येकाला आपला आवाज वेगळा ऐकू येतो आणि तो गप्प होतो. तशा वेळी टाळीवरच भागव, ‘आत्ता द्या’ म्हातारीलाच म्हणू दे. तेही वाईट लागत नाही.

चौथ्या कडव्याची ओळ मी दिली आहे ती माझी आहे, तुझ्या नाटकातली नाही. तुझ्या म्हातारीच्या हातात नेमका कुठला कागद आहे, तो कशासाठी अडलाय, त्यावरून सोळा मात्रांची ओळ तू लिही. लिहिलीस की चालत म्हणून बघ आणि मला कागदावर पाठवू नकोस, फोनवर म्हणून दाखव. मी इकडून टाळी देतो.

तुझा,
काका