जळगावच्या मे महिन्यात युरिया जपून वापर

केळीच्या पानातलं प्रथिन ट्रिप्सिनने कापायला घेतोयस, तर आधी प्रथिन उलगडायला घातलेल्या युरियाकडे बघ. प्रोटोकॉलमध्ये 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं ते २५ अंशांचं. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद पडला की खोली चाळिशीला टेकते. तापलेल्या युरियातून सायनेट तयार होतं आणि ते लायसिनला चिकटतं. अशा लायसिनपाशी ट्रिप्सिन कापत नाही. मास स्पेक्ट्रोमीटरच्या डेटात +४३ डाल्टनची पेप्टाइडं आणि न कापलेल्या जागा वाढलेल्या दिसल्या, तर कारण बहुधा हेच.

म्हणून ८ मोलर युरिया त्याच दिवशी बनव. डीटीटीसोबत ५६ अंशांना मुळीच तापवू नकोस, ३७ अंश पुरे. आयोडोअॅसिटामाइडही ताजंच घे आणि नळी अर्धा तास अंधारात ठेव.

आता समज, ५० मायक्रोग्रॅम प्रथिन या युरियाच्या ५० मायक्रोलिटरमध्ये आहे. अमोनियम बायकार्बोनेट घालून ४०० मायक्रोलिटर कर. युरिया १ मोलरवर येईल, मगच १ मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन टाकून रात्रभर ३७ अंशांना ठेव.

सकाळी टीएफए घालून पीएच ३ च्या खाली आण, एक थेंब पट्टीवर लावून खात्री कर. आम्ल कमी पडलं तर बरीच पेप्टाइडं सी-१८ स्तंभावर न थांबता वाहून जातात. म्हणून पहिलं वाहून आलेलं द्रावण इंजेक्शन होईपर्यंत फेकू नकोस.